वहिनींचा फराळ आणि चार खणांचा तक्ता: कामाच्या नोंदी

४ सप्टेंबर २०२५, गुरुवार

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो. वहिनी इंदूरमधल्या आमच्या सुदामा नगरच्या घरातूनच फराळाचं काम करतात, चिवडा चकली भाजणी, सणावाराला मोदक पुरणपोळ्या, सगळं ऑर्डरवर. दुकान नाही, कामाला फक्त दुपारी एक मावशी येतात, बाकी वहिनी एकट्या. ऑर्डरी आणि हिशेब मी बघतो. पीथमपूरला कारखान्यात बरीच वर्षं प्रॉडक्शन प्लॅनिंग केलंय त्यामुळे दादा म्हणाला की दिवाळीच्या आत हिच्या दिवसाचं काहीतरी कर, गेल्या दिवाळीला शेवटचे दिवस रात्री दोनपर्यंत कढई चालू होती.

वहिनी आळशी असत्या तर सोपं होतं, त्या पहाटे साडेपाचला उठून रात्री अकराला आडव्या होतात. तरी भाजणी संपलेली, लेबलं संपलेली आणि फोन वाजतोय हे रोजचंच. कष्ट भरपूर आहेत, पण आज कशाला आधी हात घालायचा ते फोन ठरवतो. त्यासाठी अर्जंट-महत्त्वाचं वाला चार खणांचा तक्ता वापरून बघायचा. आज फक्त निरीक्षण, गणपतीतले शेवटचे मोदक चालू आहेत त्यामुळे कोणी माझं ऐकणार पण नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आज ओट्याशेजारी वही ठेवली आणि वहिनींना एवढंच सांगितलं की हातातलं काम सोडून दुसरीकडे गेलात की एक रेघ आणि कशासाठी ते एका शब्दात. संध्याकाळी बघितलं तर सकाळभरात रेघांची रांग लागलेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त फोनच्या. रेट काय, आहे का, पोचलं का, परवा मिळेल का. एकही फोन असा नव्हता की दुपारी उचलला असता तर काही बिघडलं असतं. दोन जणांना उद्याचेच मोदक हवे होते, पण ते आधीच फुल होते, त्यांना दुपारी पण नाहीच म्हणावं लागलं असतं.

वहिनींचं म्हणणं, “भाऊजी, फोन नाही उचलला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं.” हे खोटं नाही, म्हणून फोन बंद करा वगैरे सल्ला देण्यात काही अर्थ नाही. त्याचं वेगळं काहीतरी करावं लागेल.

८ सप्टेंबर, सोमवार

पितृपक्ष लागला. फराळाला उठाव नाही, तिथीच्या पुरणपोळ्या तेवढ्या असतात. म्हणजे २२ तारखेला घटस्थापना होईपर्यंत वर्षातला हा एकच काळ जरा मोकळा, तक्ता बसवायला बरा.

फ्रिजच्या दारावर मोठा कागद लावला, उभी एक आडवी एक रेघ. वर डावीकडे खण १, महत्त्वाचं आणि आजच हवं. उजवीकडे खण २, महत्त्वाचं पण आज नाही केलं तरी कोणी ओरडणार नाही. खाली डावीकडे खण ३, कोणीतरी घाई करतंय पण आपल्याला त्याचं फारसं काही नाही. खाली उजवीकडे खण ४, दोन्ही नाही.

वहिनींनी भराभर लिहिलं आणि सगळंच्या सगळं खण १ मध्ये. अगदी स्टेटसला फोटो टाकायचे ते पण. मला वाटलंच होतं, पीथमपूरला पण हेच व्हायचं, प्रत्येक जॉब कार्डावर लाल शिक्का. सगळं लाल असलं की लाल म्हणजे काहीच नाही.

संध्याकाळी चहाला वहिनींनी विचारलं की हे काढलं कोणी. मला माहीत होतं तेवढं सांगितलं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९ ऑगस्ट १९५४ ला इव्हॅन्स्टनमध्ये चर्चच्या एका जागतिक परिषदेत भाषण केलं, त्यात एका माजी कॉलेज अध्यक्षाचं म्हणणं त्यांनी सांगितलं की माझ्यापुढे दोन प्रकारचे प्रश्न असतात, अर्जंट आणि महत्त्वाचे, जे अर्जंट ते महत्त्वाचं नसतं आणि जे महत्त्वाचं ते कधीच अर्जंट नसतं. खण वगैरे त्या भाषणात नाहीत, ते नंतरचं, आणि १९८९ पासून स्टीफन कोवी यांच्यामुळे ते घरोघरी पोचलं. वहिनी हुशार, लगेच म्हणाल्या, “मग त्या माणसाच्या हिशेबाने पहिला खण रिकामाच पाहिजे की.”

बरोबर आहे. आणि आमचा पहिला खणच उतू चाललाय. उद्या त्यावरच काम.

९ सप्टेंबर, मंगळवार

खण १ मधलं एकेक काम घेऊन दोन प्रश्न लावले. पहिला, हे उद्या संध्याकाळी केलं तर नेमकं काय होईल. दुसरा, त्याने नुकसान कोणाचं आणि किती, रुपयात. दुसरा प्रश्न वहिनींना आधी विचित्र वाटला पण रुपये लिहायला लागल्यावर कामं आपोआप हलायला लागली.

बरण्या-पाऊचवाल्याचा फोन होता, “आज स्कीमचा शेवटचा दिवस, आजच सांगा.” उद्या सांगितलं तर? स्कीममध्ये वाचणारे पैसे काढले तर आमच्या मापाच्या पाऊचवर साधारण ऐंशी रुपये. खण ३. दुसरीकडे फूड रजिस्ट्रेशनची मुदत ऑक्टोबरच्या मधोमध संपते. त्याला कोणी फोन करत नाही, फी वर्षाला शंभर रुपये, काम अर्ध्या तासाचं. पण पाकिटावर तो नंबर छापावा लागतो, आणि ऐन दिवाळीत नंबरच संपलेला असला तर दोन ऑफिसांच्या भेट-पाकिटांची ऑर्डर हातची जाईल, ती बावीस हजारांची आहे. आज त्याची अजिबात घाई नाही म्हणून खण २, पण वजन बघा.

रुपये शेजारी लिहायचं मी उगाच काढलेलं नाही. २०१८ मध्ये जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्चमध्ये एक अभ्यास आला होता, त्यात लोकांना दोन कामांमधून एक निवडायचं होतं, एकात मोबदला कमी पण मुदत छोटी दाखवलेली, दुसऱ्यात मोबदला जास्त आणि मुदत लांब. मुदत नुसती नावाला होती, काम दोन्हीकडे वेळेत संपण्यासारखं, तरी बरेच जण कमी मोबदल्याकडे गेले. स्वतःला फार बिझी समजणारे जास्त गेले. आणि निवडतानाच मोबदल्याकडे लक्ष वेधलं की हा परिणाम कमी झाला. म्हणून रुपये कामाच्या शेजारीच पाहिजेत, हिशेबाच्या वहीत असून उपयोग नाही.

आणखी एक निघालं. खण १ मधली पाच कामं अशी होती की ती आधी कधीतरी खण २ मध्ये होती आणि पडून पडून वर आली. लेबलं संपली म्हणून आज धावत प्रेसवर जायचं, हे महिन्यापूर्वी नुसतं “लेबलं सांगून ठेवायची” होतं. खरोखर अचानक आलेलं एकच, आईची बीपीची गोळी संपली. म्हणजे खरं तर ते पण अचानक नाहीच.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज पूर्ण दिवस तक्त्यावर चालवला, तो सविस्तर लिहितो.

तक्ता आदल्या रात्री भरला, जेवणं झाल्यावर. सकाळी भरायचा नाही हे ठरवून टाकलं, कारण सकाळी फोन सुरू झालेला असतो आणि मग फोनच तक्ता भरतो.

खण १ मध्ये तीनच कामं. अकरापर्यंत पंचवीस पुरणपोळ्या, रामबागेत तिथी आहे आणि तिकडे ब्राह्मण साडेअकराला बसणार, इथे उद्या वगैरे काही नाही. आईची गोळी. आणि चिनूच्या शाळेचा फॉर्म, आज शेवटची तारीख. घरची कामं तक्त्यात घ्यायचीच असा माझा आग्रह होता, वहिनींना वाटत होतं धंद्याचा कागद वेगळा. पण ओटा एक, हात दोन आणि दिवस एकच, तर कागद दोन कशाला. कागद वेगळा केला की घरचं काम लपून बसतं आणि अकरा वाजता बाहेर येतं.

खण २ मध्ये चार. नवरात्राच्या उपासाच्या भाजणीचा पहिला घाणा, रजिस्ट्रेशन, सियागंजच्या बाजारातून हरभरा डाळ आणि शेंगदाण्याचे भाव, आणि एका ऑफिसकडून गणपतीच्या मोदकांचे राहिलेले १८५० रुपये.

खण ३ मध्ये स्कीमवाला, दिवाळीचे रेट विचारणारे मेसेज, आणि एका नेहमीच्या काकूंना आज संध्याकाळीच अर्धा किलो चिवडा. खण ४ मध्ये स्टेटसचे फोटो आणि दुसऱ्या फराळवाल्यांचे रेट ग्रुपवर बघत बसणं, ज्यात वहिनींची रोज दुपारची वीस मिनिटं जातात आणि शेवटी डोकं दुखतं.

आता दिवसात बसवताना सगळ्यात आधी खण २ मधलं एक काम घड्याळावर टाकलं, बाराला भाजणी, दोन तास. एकच घेतलं, चार नाही. बाकीची दुसऱ्या दिवसांवर वाटली, रजिस्ट्रेशन शुक्रवारी दुपारी मी बसून, सियागंज सोमवारी, आणि पैशाचा मेसेज तिथल्या तिथे बाबांकडे. खण १ ला स्वतःची वेळ असतेच, ते कागदावर लिहा नाहीतर नका लिहू, पोळ्या अकराला जाणारच. ज्याला वेळ नाही त्यालाच वेळ द्यावी लागते.

पोळ्या पावणेअकराला गेल्या. फॉर्म दादा ऑफिसला जाता जाता देऊन गेला, गोळ्या पण त्यानेच आणल्या, एका फेरीत. बारा वाजता भाजणी. साबुदाणा, वरई आणि राजगिरा वेगवेगळे भाजायचे, जिरं शेवटी. साबुदाणा मंद आचेवर फुलून बोटात चुरला जाईपर्यंत भाजावा लागतो, कच्चा राहिला की पीठ चिकट होतं आणि थालीपीठ तव्यावरून सुटत नाही, हे वहिनींचं ज्ञान, माझं नाही. इथे मधे हात सोडून चालतच नाही, राजगिरा एक मिनिट विसरला की करपतो आणि सगळ्या घाण्याला वास लागतो. म्हणजे फोनसाठी उठणं हे नुसतं वेळेचं नुकसान नाही, मालाचं पण आहे. त्या दोन तासात फोन बाबांकडे होता. अकरा कॉल आले.

चिवडा मागणाऱ्या काकूंना बाबांनी उद्या दुपारी देतो म्हणून सांगितलं, त्या बरं म्हणाल्या. घाई असते असं आपल्याला वाटतं, पण विचारलं तर बऱ्याचदा लोकांना उद्या चालतं.

दुपारनंतर वहिनी झोपल्या. अर्धा तास. हे तक्त्यात नव्हतं, तसं पाहिलं तर असायला पाहिजे होतं, खण २ मध्ये.

१३ सप्टेंबर, शनिवार

चक्कीवर गेलो भाजणी घेऊन. चक्कीवाले भैया म्हणे, “उपास का है तो सुबह सात से पहले लाओ भिया, गेहूँ चढ़ गया तो फिर मत बोलना.” बरोबरच आहे, गहू दळून झाल्यावर त्याच दगडावर उपासाचं पीठ कोण घेणार. ते पण फक्त मंगळवार आणि शनिवार, कारण साफ करायला त्यांचाही वेळ जातो.

हे लिहून ठेवण्यासारखं आहे कारण तक्ता हे दाखवतच नाही. नवरात्राची भाजणी २२ ला लागणार म्हणजे अजून आठवडा आहे, खण २ मध्ये निवांत बसली असती. पण चक्कीचे वार मोजले तर २२ च्या आधी आजचा धरून तीनच, १३, १६ आणि २०. २० तारखेला पाऊस किंवा लाइट गेली तर संपलं. तेव्हा मी एक नियम घातला, खण २ मध्ये काम लिहिताना कधीपर्यंत हवं हे लिहायचं नाही, सुरू कधी व्हायला पाहिजे ते लिहायचं. भाजणीपुढे “२२ ला हवी” असं लिहिलं की मन म्हणतं वेळ आहे, “सोमवारी १५ ला भाजायची, मंगळवारी साडेसहाला चक्की” लिहिलं की पुढचा दिवस ठरूनच गेला.

चकलीच्या भाजणीचं तर अजून लांब. तांदूळ आणि डाळी धुवायच्या, सावलीत कापडावर वाळवायच्या, वेगवेगळ्या भाजायच्या, मग चक्की, मग पीठ गार करून डबे. धुण्याला वीस मिनिटं लागतात पण तिथपासून घड्याळ सुरू होतं, आणि इंदूरचा सप्टेंबर म्हणजे वाळेल की नाही देव जाणे. असल्या कामाचं पहिलं पाऊल खण २ मधून उचलून त्या दिवसाच्या पहिल्या खणात टाकायचं, बाकी सगळं काम मागेच राहू द्यायचं.

१७ सप्टेंबर, बुधवार

काल भाजणी दळून आली, ते ठीक. आज खण ३ बद्दल. पुस्तकी पद्धतीत इथे लिहिलेलं असतं की दुसऱ्याला द्या. मोठ्या ऑफिसात ठीक आहे, घरात दुसरं म्हणजे कोण, बाबा. ते रिटायर्ड आहेत, आवाज खणखणीत आणि अख्ख्या कॉलनीला ओळखतात, फोनला याहून चांगला माणूस मिळायचा नाही. पण काल परवा बघितलं तर फोन बाबा घेतात आणि चालत स्वयंपाकघरात येऊन विचारतात, “अगं, रविवारी दोन किलो शेव हवीये, हो म्हणू का?” म्हणजे आधी फोन वाजायचा, आता फोन पायाने चालत येतो. वहिनींचा हात थांबतो तो थांबतोच.

काम दिलं पण ठरवायचा अधिकार दिला नाही तर काम परत येतं. म्हणून आज एक पुठ्ठा केला, फोनशेजारी टांगला. वर रेट, सगळ्या वस्तूंचे, पाव किलो अर्धा किलो किलो. खाली तीन ओळी. दोन दिवस आधी सांगितलं तर हो म्हणायचं. आज-उद्याचं मागितलं तर डब्यांची पाटी बघायची, शिल्लक असेल तर द्यायचं, नसेल तर जो दिवस जमतो तो सांगायचा. पाच किलोच्या वर असेल तर नंबर लिहून घ्यायचा आणि संध्याकाळी साडेपाचला वहिनी करतील म्हणायचं. पाटीवर शिल्लक कोण लिहिणार हा प्रश्न आला, ते मावशींना दिलं, त्या दुपारी डबे भरतातच.

बाबांना पुठ्ठा पसंत पडला, म्हणाले बँकेत असं असतं तर मी दहा वर्षं आधी मॅनेजर झालो असतो. फक्त ते प्रत्येकाशी दहा मिनिटं बोलतात. बोलू देत. त्यांचा वेळ तक्त्यात नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचं वेगळं, तिथे रेट-लिस्टचा एकच फोटो करून ठेवला, कोणी विचारलं की तो पाठवायचा, आणि वहिनींनी मेसेज फक्त साडेअकराला आणि साडेपाचला उघडायचे. आवाज बंद. पहिल्या दिवशी त्यांनी चोरून चार वेळा बघितलं, मी बघूनही बघितलं नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

नवरात्र. उपासाची भाजणी काल संध्याकाळपर्यंत सात किलो गेली, राजगिऱ्याचे लाडू संपले. घरात गडबड आहे पण पळापळ नाही, रजिस्ट्रेशनचं काम गेल्या आठवड्यातच झालंय आणि लेबलांचा गठ्ठा आलाय.

आज मात्र तक्त्याचं एक लंगडं अंग दिसलं. सकाळी एकाच वेळी खण १ मध्ये सहा कामं, सगळी खरी. नऊ वाजता तीन घरी डिलिव्हरी, घटाची पूजा, मुलीचा डबा, आईला डॉक्टरकडे. यात पहिलं कुठलं, हे चार खण सांगत नाहीत. ते फक्त खणात टाकतात, रांग लावत नाहीत. तिथे सरळ वेळ लिहून रांग लावली, आणि ज्याला दुसरा माणूस चालतो ते वहिनींच्या नावावरून काढलं. डॉक्टरकडे मी गेलो. तक्ता दिवसातून एकदा विचारायचा, दर तासाला नाही, नाहीतर तक्ता भरणं हेच एक खण ४ चं काम होऊन बसतं.

अजून एक खूण सापडली. दिवस संपला आणि खण २ मधल्या एकाही कामाला हात लागलेला नसला तर कागदाच्या कोपऱ्यात टिंब करायचं. लागोपाठ टिंबं दिसली की समजायचं पुढच्या आठवड्याचा खण १ आत्ता तयार होतोय. काल टिंब, आज टिंब. पहिल्या माळा आहेत म्हणून सोडून दिलं, पण दसऱ्याच्या आत डाळी धुतल्या गेल्या पाहिजेत.

३० सप्टेंबर, मंगळवार

डाळी शनिवारी धुतल्या, रविवारी दुपारी सर आली, गॅलरीतून सगळं उचलून आतल्या खोलीत पंख्याखाली. वाळायला दीड दिवस जास्त गेला. मोकळा दिवस मागे ठेवला होता म्हणून जमलं. डाळ दाताखाली कटकन तुटली पाहिजे, दबली तर ओल आहे, असं वहिनी म्हणतात. आज सगळी भाजून झाली. चक्की शनिवारी, ४ तारखेला, ही उपासाची नाही म्हणून वेळेचं बंधन नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

कोजागिरी. दुधाच्या मसाल्याच्या पुड्या दुपारपर्यंत उडाल्या. त्या गडबडीत पण आज खण २ मधलं या मोसमातलं सगळ्यात मोठं काम करून घेतलं, वहिनींना जबरदस्तीने तासभर खुर्चीत बसवून. काम म्हणजे दिवाळीची ऑर्डर कुठे थांबवायची ते ठरवणं.

गेल्या वर्षीची रात्री दोनची कढई काही कामचुकारपणामुळे नव्हती, “नाही” कधी म्हणायचं हे कोणी आधी ठरवलंच नव्हतं म्हणून होती. प्रत्येक ऑर्डर एकेकटी बघितली तर घेण्यासारखीच असते, फोनवर माणूस ओळखीचा असतो, दोन किलोने काय होतंय. तिथे त्या क्षणी ठरवायला गेलं की हो-च निघतं.

हिशेब साधा केला. चकली एका कढईवर, एक जण पाडतोय एक जण तळतोय असं धरून, वहिनींच्या वेगाने तासाला सव्वा किलो. दिवसाला कढई पाच तास, त्याच्या वर गेलं की तेल पण थकतं आणि माणूस पण. चकलीला चार दिवस दिले, १० ते १३ ऑक्टोबर, कारण चकली टिकते, आधी करून चालते. म्हणजे दिवसाला सव्वासहा किलो, चार दिवसात पंचवीस. वहीत आत्ता एकोणीस किलो लिहिलेली आहे. सहा उरली. पुढे शंकरपाळे आणि शेव, चिवडा अगदी शेवटी १६-१७ ला, आणि धनत्रयोदशी १८ ला आहे, त्या दिवशी फक्त पाकिटं जाणार, कढई नाही.

वहिनी म्हणाल्या, पंचवीसचे तीस करू, रात्री एक तास जास्त. मी म्हटलं करा, पण तो तास कुठल्या खणातून आणायचा ते तुम्हीच लिहा. त्यांनी कागदाकडे बघितलं, चिनूची सहामाही परीक्षा त्याच आठवड्यात आहे. पंचवीसच राहिली.

पुठ्ठ्यावर बाबांसाठी चौथी ओळ घातली: चकली पंचवीस किलो झाली की बंद, शेव चालू, चिवडा चालू. बाबांना फळ्यावर आकडा कमी कमी करत न्यायचाय, मजा वाटतीये त्यांना. दादाचं म्हणणं, पुढच्या वर्षी दुसरी कढई आणि शेगडी घेऊ. तो विचार पण खण २ मध्ये लिहिला, “दिवाळीनंतर, भाऊबीज झाली की” असं सुरू कधी करायचं ते लिहून.

८ ऑक्टोबर, बुधवार

चकली दुपारी साडेचारला बंद झाली. त्यानंतर चार जणांना बाबांनी नाही म्हटलं, तिघांनी शेव घेतली, एक जण रागावले, बाबांच्या जुन्या ओळखीचे आहेत, भेटून समजावतो म्हणाले.

ज्या दिवसांत कढई चालू राहणार, १० ते १७, त्यात चार खणांचा कागद काढून टाकतोय. तेव्हा ठरवण्यासारखं काही उरत नाही, फक्त क्रम उरतो, म्हणून फ्रिजवर तासांचा कागद लागेल, कढई कुठल्या वेळी कशासाठी आणि पाकीट कोणाचं कधी. कोपऱ्यात खण २ साठी फक्त दोन ओळी जागा ठेवली आहे. पहिल्या ओळीत बरण्या परत आलेल्या मोजायच्या. दुसऱ्या ओळीत ते १८५० रुपये, अजून आलेले नाहीत, बाबांनी दोनदा मेसेज केलाय, आता शुक्रवारी सकाळी दहाला मी फोन करणार.

तेल उद्या सियागंजमधून आणायचं, पंधरा किलोचे दोन डबे. भाव सोमवारी विचारून ठेवलेत.